तीनशेवर पन्नास: ताओबाओच्या डबल इलेव्हनमध्ये कूपन, नाणी आणि मोफत पोच यांचा हिशोब

चीनमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी ताओबाओ या खरेदीच्या ॲपवरच्या डबल इलेव्हनच्या, म्हणजे 11 नोव्हेंबरच्या, सेलचं पान समजत नाही, आणि त्यात चिनी भाषेचा दोष निम्माच असतो. उरलेला निम्मा दोष गणिताचा. एकाच पानावर दुकानाचं कूपन, सगळ्या दुकानांना मिळून लागणारी सूट, नाणी, लाल पाकीट म्हणून मिळणारी पैशांची भेट आणि मोफत पोच असे पाच प्रकार एकमेकांवर चढलेले असतात. खाली जो आकडा दिसतो तो कुठून आला हे कुणी सांगत नाही. मी शांघायमध्ये राहते. 2024 मध्ये दिवाळीचे डबे रिकामे होत आले तेव्हा थंडीच्या कपड्यांची खरेदी काढली होती. त्याच कार्टवर हा सगळा हिशोब दाखवते.

2024 चं वर्ष मुद्दाम घेतलंय. ताओबाओ आणि त्यांच्याच त्येनमाओवर त्या वर्षी 14 ऑक्टोबरला रात्री 8 पासून सेल सुरू झाला आणि मुख्य नियम होता 每满300减50. सगळ्या दुकानांची बेरीज करायची आणि दर 300 युआनला 50 कमी. पुढच्या वर्षी हा नियम बदलला, त्याबद्दल शेवटी सांगते. पण एकदा हा गुंता सोडवता आला की पुढचे सगळे सोपे वाटतात.

आधी चार-पाच अक्षरं ओळखा

भाषांतराचं ॲप लावून सेलचं पान वाचू नका. बटणांची भाषांतरं विचित्र होतात आणि नेमका नियम त्यात हरवतो. त्यापेक्षा पाच-सहा अक्षरं डोळ्यांनी ओळखायला शिका.

满 (मान) म्हणजे भरलं, एवढी रक्कम झाली. 减 (च्येन) म्हणजे वजा. 满300减50 म्हणजे तीनशे भरले की पन्नास वजा. पण त्याच्या आधी 每 (मेइ) आहे का ते बघा. 每 असेल तर दर तीनशेला पन्नास, म्हणजे सहाशेला शंभर, नऊशेला दीडशे. 每 नसेल तर एकदाच पन्नास, मग तुम्ही दोन हजारांची खरेदी करा. एका अक्षराने शंभर-दीडशे युआनचा फरक पडतो.

दुसरं अक्षर 折 (च). याने प्रत्येक भारतीय एकदा तरी फसतो. 85折 म्हणजे 85 टक्के सूट नव्हे. शंभरातले 85 द्यायचे, म्हणजे सूट फक्त 15 टक्के. चिनी लोक किती द्यायचं ते सांगतात, आपण किती वाचलं ते सांगतो.

तिसरं 领 (लिंग), म्हणजे घ्या. कूपन दिसलं म्हणून ते तुमचं झालं असं नाही. 领 किंवा 领券 वर बोट ठेवून ते आधी खात्यात घ्यावं लागतं, नाहीतर बिलात धरत नाहीत. आणि 包邮 (पाओ-योउ) म्हणजे पोच मोफत. यावर इकडे एक प्रसिद्ध प्रकार आहे, 江浙沪包邮, म्हणजे च्यांगसू, चच्यांग आणि शांघाय एवढ्यांनाच मोफत. मी सुदैवी तिघांतली. शिनच्यांग, तिबेट किंवा आतल्या मंगोलियात शिकायला किंवा नोकरीला असाल तर पानावरचं 包邮 तुमच्या पत्त्याला लागतंच असं धरू नका. पत्ता टाकल्यावर काय दिसतं तेच खरं.

कार्टात काय होतं

सगळे आकडे युआनमध्ये आणि सेलमधल्या उतरलेल्या किमती, म्हणजे कूपन लागायच्या आधीच्या.

जाकीट 459, पहिल्या दुकानाचं. त्या दुकानाचं कूपन: 399 वर 40 कमी. विजेवरचा प्रेशर कुकर 269, दुसऱ्या दुकानाचा, कूपन नाही, पण नाणी चालतात. थंडीत आतून घालायचा जोड 138, तिसऱ्या दुकानाचा. त्यांची दोन कूपनं: 129 वर 10 आणि 169 वर 20. तिसरं दुकान 149 च्या वर पोच मोफत देतं, खाली असेल तर 8 युआन. बाकी दोघांची पोच तशीही मोफत.

बेरीज 866.

तीनशेनी भागलं तर दोन पूर्ण, म्हणून दोनदा पन्नास, शंभर कमी. नऊशेला 34 कमी पडतात. हा 34 चा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

कुठला उंबरठा कुठल्या आकड्यावर मोजतात

लोकांचा घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. किती सुटी लागतात हे सगळे विचारतात. पण खरा प्रश्न वेगळा आहे. 300 भरले की नाही हे बघताना दुकानाचं कूपन वजा करून बघतात की वजा करायच्या आधी?

कपात एका ठरलेल्या क्रमाने होते: आधी वस्तूची सेलची किंमत, मग दुकानाचं कूपन, मग सगळ्या दुकानांना मिळून लागणारी सूट, आणि शेवटी लाल पाकीट आणि नाणी. पण कपातीचा क्रम आणि उंबरठा मोजायचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपात नंतर होत असली तरी उंबरठा आधीच्या किमतीवर मोजलेला असू शकतो.

नियमांचं पान वाचून हे कळतं, पण ते पान लांबलचक असतं आणि दर सेलला नवं. मी त्याऐवजी कार्टाकडूनच उत्तर काढून घेते. युक्ती अशी की कार्ट मुद्दाम उंबरठ्याच्या अगदी किंचित वर न्यायचं, इतकं किंचित की दुकानाचं कूपन वजा झालं तर ते खाली पडेल. मग किती कपात दिसते ते बघायचं.

मी 39 चे मोजे टाकले. बेरीज 905. आता दोन शक्यता. उंबरठा कूपनाच्या आधी मोजत असतील तर 905 मध्ये तीन तीनशे बसतात, दीडशे कमी. कूपनानंतर मोजत असतील तर आकडा साडेआठशेच्या आसपास येतो, त्यात दोनच तीनशे बसतात, शंभर कमी. मधलं काही शक्य नाही.

कार्टात वस्तूंच्या डावीकडच्या गोल खुणा लावा, म्हणजे खाली 合计 च्या पुढे एकूण रक्कम येते. तिच्या शेजारी 明细 असतं, म्हणजे तपशील. ते उघडलं की कुठली सूट किती लागली याची यादी येते. 跨店满减, म्हणजे सगळ्या दुकानांना मिळून लागणारी सूट, तिच्या ओळीत माझ्याकडे 150 होते. म्हणजे आधीच्या किमतीवर मोजतात. तुमच्याकडे अशाच चाचणीत 100 आले तर नंतरच्या किमतीवर, आणि मग तुम्हाला नऊशेच्या वर आणखी कूपनांइतकी जागा ठेवावी लागेल. दोन्हीपैकी काय आहे ते दोन मिनिटांत कळतं आणि त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत.

150 किंवा 100 च्या जागी भलताच आकडा आला तर एखादी वस्तू त्या सुटीत धरलेलीच नाही. सेलमध्ये असलेली प्रत्येक वस्तू 跨店满减 मध्ये नसते. वस्तूच्या नावाखाली तशी पट्टी आहे का ते एकेक करून बघा. खूण काढली की तपशिलातला आकडा हलतो का, हीसुद्धा चांगली परीक्षा आहे.

मोजे कुठून घ्यायचे

उंबरठा गाठायला किरकोळ वस्तू टाकण्याला इकडे 凑单 (त्सोउ-तान) म्हणतात. भाजीवाल्याकडे पन्नासची नोट मोडायला कोथिंबीर घ्यावी तसं. हिशोब सोपा आहे: उंबरठ्याला जेवढे कमी पडतात ते पन्नासपेक्षा कमी असतील तर भर टाकणं फायद्याचं. 34 कमी होते, मोजे 39 चे, सूट 50 ची वाढली. मोजे घरात आले आणि वर 11 युआन वाचले.

पण हे मोजे मी पहिल्यांदा भलत्याच दुकानातून टाकले होते. चौथं दुकान, मोजे 39, पोच 8, मोफत पोच 59 च्या वर. म्हणजे खर्च 47 आणि मिळकत 50. तीन युआनसाठी आणखी एक पार्सल घ्यायला खाली जायचं. सूट सगळ्या दुकानांची मिळून मोजतात, पोच मात्र प्रत्येक दुकानाची वेगळी, हे डोक्यात ठेवा. एका वर्षी एका दुकानाचा 12 युआनचा पोचखर्च मला पैसे भरल्यानंतर दिसला होता. कार्टात तो दाखवलेलाच नव्हता, पुढच्या पानावर बारीक अक्षरांत होता.

तसेच मोजे तिसऱ्या दुकानात, जिथून आतला जोड घेत होते तिथेच मिळाले. आता त्या दुकानाची बेरीज 138 आणि 39, म्हणजे 177. याने एका दगडात तीन पक्षी मारले. नऊशेचा उंबरठा गाठला, 149 चा मोफत पोचीचा उंबरठा ओलांडला, आणि 129 वर 10 च्या जागी 169 वर 20 चं कूपन लागलं. दोन्ही कूपनं एकदम लागत नाहीत. एका दुकानाच्या ऑर्डरीला त्यांचं एकच असं कूपन लागतं, आणि ॲप सहसा मोठं निवडतं. पण मोठं कूपन आधी 领 करून ठेवलेलं असेल तरच.

म्हणून भरीची वस्तू शोधताना मुख्य पानावर 凑单 चं बटण दाबून येणाऱ्या यादीत भटकू नका. आधी ज्या दुकानांतून घेताय त्यांच्याच आत शोधा.

नाणी शेवटी

ताओबाओच्या नाण्यांना 淘金币 (थाओ-चिन-पी) म्हणतात. 100 नाण्यांचा 1 युआन. रोज ॲप उघडून हजेरी लावली, खेळ खेळले की जमतात. माझ्याकडे 520 होती, म्हणजे 5.20 युआन. यासाठी सकाळी उठून ॲपमधली झाडं वाढवणाऱ्यांना माझा नमस्कार.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. नाणी प्रत्येक वस्तूला चालत नाहीत. जिथे चालतात तिथेही दुकानदाराने ठरवलेल्या ठराविक टक्क्यांपर्यंतच. कुकरवर मर्यादा 3 टक्के होती, म्हणजे 269 वर साधारण 8 युआन. माझे 5.20 त्यात बसले. हजारो नाणी साठवून एक वस्तू फुकट मिळवू असं कुणी ठरवलं असेल तर ते होत नाही. दुसरं म्हणजे नाणी सगळ्यात शेवटी वजा होतात, त्यामुळे ती वापरल्याने तीनशेचा उंबरठा हुकत नाही. निर्धास्त लावा.

पूर्ण हिशोब

मोज्यांशिवाय:

```
866 − 40 − 10 − 100 − 5.20 + 8 = 718.80
```

मोज्यांसकट:

```
905 − 40 − 20 − 150 − 5.20 + 0 = 689.80
```

39 चे मोजे घेतले आणि 29 युआन कमी भरले. दुसऱ्या ओळीतला शून्य हा पोचीचा, आणि तो खात्रीने शून्यच आहे का हे पैसे भरायच्या आधी बघायचं असतं.

कारण मोफत पोचीच्या उंबरठ्यालाही तोच प्रश्न लागू: कुठल्या आकड्यावर? तिसऱ्या दुकानाचे तीन आकडे होतात. सुटीआधी 177. दुकानाचं कूपन वजा केलं तर 157. आणि दीडशेच्या सुटीतला त्या दुकानाचा वाटाही वजा केला तर सुमारे 128. पहिले दोन 149 च्या वर आहेत, तिसरा खाली. दुकानदार कुठला धरतो हे तर्काने काढत बसू नका. 结算, म्हणजे हिशोब करा, हे दाबून 确认订单, म्हणजे ऑर्डर तपासायच्या पानावर जा. तिथे प्रत्येक दुकानाच्या गठ्ठ्याखाली 运费, म्हणजे पोचखर्चाची वेगळी ओळ असते, तिसऱ्या दुकानाखाली ती बघा. माझ्याकडे पोच मोफत आली. समजा तिथे 8 आले असते तरी एकूण 697.80, म्हणजे मोज्यांशिवायच्या बिलापेक्षा कमीच. 提交订单, म्हणजे ऑर्डर द्या, हे दाबेपर्यंत काहीही पक्कं नसतं, मागे येऊन वस्तू बदलता येतात.

पानावरची किंमत कुणाची?

वस्तूच्या पानावर मोठ्या लाल अक्षरांत 到手价 असते, हातात पडेल ती किंमत. बऱ्याचदा तिच्या आधी 预估 असतं, म्हणजे अंदाजे. हा शब्द लहान असतो, पण अर्थ मोठा.

138 च्या जोडावर 105 लिहिलेलं होतं. कसं? 138 मधून 10 चं कूपन, उरले 128. त्यातून आणखी 23. हे 23 कुठून आले तर 50 च्या सुटीतला 138 चा वाटा: तीनशेला पन्नास तर 138 ला तेवीस. म्हणजे दुकान गृहीत धरतं की तुम्ही बाकीचे 162 कुठेतरी खर्च करून तीनशे पुरे करणारच. फक्त तो जोड घेतला असता तर 105 ला मिळाला नसता, 128 आणि वर पोच 8, असे 136 पडले असते.

दोन दुकानांतल्या 到手价 ची तुलना करताना म्हणून आधी दोघांचा हिशोब एकाच गृहीतकावर आहे का ते बघा. मी सरळ दोन्ही वस्तू कार्टात टाकते आणि आळीपाळीने खूण लावून खालचं 合计 वाचते. तिथे अंदाज चालत नाही.

परत करायची वेळ आली तर

जाकीट 459 चं घेतलं आणि माप चुकलं. परत किती येतील? 459 नाही, आणि 419 पण नाही. दीडशेची सूट सगळ्या वस्तूंवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. 905 मधल्या 459 ला 76.08 चा वाटा येतो. तो आणि 40 चं कूपन वजा केलं तर 342.92. जाकिटाला तुम्ही खरंच तेवढेच भरलेत. पैसे भरल्यावर ऑर्डरीच्या तपशिलात प्रत्येक वस्तूपुढे प्रत्यक्ष भरलेली रक्कम दिसते, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. वाटा काढायचा पाया थोडा वेगळा धरला तर आकडा दोन-चार युआनांनी हलतो. माझ्या गणितापेक्षा ऑर्डरीतला आकडा प्रमाण माना.

मग लगेच कुणीतरी विचारतं, मोजेच परत केले तर? मोज्यांचे 39, त्यातून सुटीचा वाटा 6.46 आणि कूपनाचा वाटा 4.41 गेला की 28.13 परत येतात. बाकीच्या वस्तूंवरची सूट तशीच राहते. कागदावर फायदा दिसतो, आणि हजारो लोक हे करतात. इथले लहान दुकानदार याने पिचतात. माल गेला, आला, डबा फाटला, पोच पदरची. मी करत नाही. ज्यांना करायचं आहे त्यांनी इतकं बघावं की त्या ऑर्डरीवर 运费险 आहे का, म्हणजे परतीच्या पोचीचा विमा. नसेल तर 28 युआन मिळवायला कुरियरचे पैसे तुम्हीच देणार.

2025 पासून काय बदललं

2025 च्या 618, म्हणजे जूनमधल्या सेलपासून त्येनमाओने तीनशेवर पन्नासची ही बेरीज काढून टाकली आणि 官方立减 आणलं, म्हणजे वस्तूगणिक थेट कपात, मुळात 85折. एकच वस्तू घेतली तरी 15 टक्के कमी. मोजे शोधायची गरज गेली. काही जणांना याचं वाईट वाटलं, मला नाही.

पण वरचा हिशोब पूर्ण निकालात निघाला नाही. दुकानांची कूपनं, विशिष्ट प्रकारच्या मालावरची कूपनं आणि मोफत पोच यांना 满 अजून आहेच, आणि 满 दिसलं की तो कुठल्या आकड्यावर हा प्रश्न आलाच. 立减 ने किंमत आधीच उतरलेली असते, त्यामुळे 399 चा उंबरठा छापील 459 वर गाठला असं धरू नका. 85折 नंतर जाकीट 390.15 होतं, आणि कूपन उतरलेल्या किमतीवर मोजत असतील तर 9 युआनांनी हुकतं. चाचणी तीच: उंबरठ्याच्या जरा वर न्यायचं आणि तपशील उघडायचा.

जिंगतोंग या खरेदीच्या दुसऱ्या मोठ्या ॲपवरही हीच रीत चालते, फक्त नावं वेगळी. तिथल्या गुणांना 京豆 म्हणतात, शंभर दाण्यांचा 1 युआन. जिंगतोंग स्वतः विकतं त्या मालावर मोफत पोचीचा उंबरठा ऑगस्ट 2023 मध्ये 99 वरून 59 वर आला, आणि पैसे भरून सदस्य झालेल्यांना तोही नाही. तिथे एकाच कार्टात जिंगतोंगचा स्वतःचा माल आणि बाहेरच्या दुकानांचा माल शेजारी बसतो. 59 मोजताना बाहेरच्या दुकानाचा माल धरू नका. नावापुढे 自营 अशी लाल खूण असते तोच त्यांचा स्वतःचा.

पुण्याहून वहिनीचा फोन दरवर्षी येतो, मलाही तिथून काहीतरी पाठव म्हणून. परदेशात माल पाठवणारं अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर 2020 पासून बंद आहे, आणि माझ्या बॅगेची मर्यादा 23 किलो. तिला यंदा मोजे नेलेत.